लांबलचक ईसीजीतून प्रत्येक ठोक्याभोवतीचा तुकडा कसा कापायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्ध्या तासाचा किंवा दिवसभराचा ईसीजी हातात आहे, ठोक्यांच्या जागी खुणा केलेल्या आहेत आणि प्रत्येक खुणेभोवती ठरावीक लांबीचा तुकडा, म्हणजे विंडो, कापून पुढचं विश्लेषण करायचं आहे. या कामात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे: एमआयटी-बीआयएच अ‍ॅरिथमिया डेटाबेसमधलं रेकॉर्ड १००. ते फिजिओनेटवर मोफत मिळतं, त्यामुळे खालचा प्रत्येक आकडा तुम्हाला स्वतःच्या मशीनवर पडताळून बघता येईल. तो जरूर पडताळा.

## या डेटाबेसमध्ये नेमकं काय आहे?

बोस्टनच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत १९७५ ते १९७९ या काळात अभ्यासलेल्या ४७ जणांच्या ईसीजीचे अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ तुकडे यात आहेत. १९८० पासून तो इतर संशोधकांना मिळू लागला. प्रत्येक रेकॉर्डमध्ये दोन चॅनेल आहेत, सेकंदाला ३६० सॅम्पल आहेत, आणि एका चॅनेलमध्ये एकूण ६,५०,००० सॅम्पल आहेत. प्रत्येक ठोका हृदयरोगतज्ज्ञांनी तपासून त्याला चिन्ह दिलेलं आहे.

रेकॉर्ड १०० म्हणजे तीन फाइली. `100.dat` मध्ये सिग्नल, `100.hea` मध्ये त्याची माहिती आणि `100.atr` मध्ये खुणा. सिग्नल कच्च्या स्वरूपात पूर्णांकांत साठवलेला आहे. त्यातून १०२४ वजा करून २०० ने भागलं की मिलिव्होल्ट मिळतात. पहिल्या चॅनेलचं पहिलं सॅम्पल ९९५ आहे, म्हणजे उणे ०.१४५ मिलिव्होल्ट. फाइल नीट वाचली गेली की नाही हे बघायला एवढा एक आकडा पुरतो.

## `.atr` मधली प्रत्येक खूण म्हणजे एक ठोका, असं धरून चालेल का?

नाही. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात, म्हणून जरा थांबून बघू.

रेकॉर्ड १०० मध्ये एकूण २२७४ खुणा आहेत. पहिली खूण १८ व्या सॅम्पलवर आहे आणि तिचं चिन्ह `+` आहे. या चिन्हाचा अर्थ 'इथून पुढे ही लय सुरू' असा होतो. तिथे ठोका नाही. पहिला खरा ठोका ७७ व्या सॅम्पलवर आहे, त्याचं चिन्ह `N`, म्हणजे सामान्य. त्यानंतर ३७०, ६६२, ९४६, १२३१, १५१५, १८०९ असे ठोके येतात. २०४४ वर `A` आहे, म्हणजे कर्णिकेतून वेळेआधी आलेला ठोका, आणि त्यापुढचा सामान्य ठोका २४०२ वर.

आता `+` ला ठोका समजून दोन ठोक्यांमधलं अंतर काढलं तर ७७ वजा १८, म्हणजे ५९ सॅम्पल येतात. ५९ भागिले ३६० म्हणजे ०.१६ सेकंद, आणि हृदयाची गती मिनिटाला ३६६! असा अशक्य आकडा दिसला की आधी चिन्हं तपासा. इतर रेकॉर्डमध्ये `~` येतं, ते सिग्नलचा दर्जा बदलल्याची खूण आहे. `|` ही ठोक्यासारख्या दिसणाऱ्या एकट्या गडबडीची खूण आहे. ही सगळी गाळायची असतात. गाळल्यावर रेकॉर्ड १०० मध्ये २२७३ ठोके उरतात: २२३९ `N`, ३३ `A` आणि एक `V`, म्हणजे जवनिकेतून वेळेआधी आलेला ठोका.

## विंडो किती मोठी घ्यावी?

आधी सेकंदांत ठरवा, मग सॅम्पलमध्ये बदला. 'आधीचे ९० आणि नंतरचे १४४ सॅम्पल' असं कोडमध्ये थेट लिहिलं, तर सेकंदाला २५० सॅम्पल असलेल्या दुसऱ्या डेटावर तेच आकडे लागू होतात आणि विंडो गुपचूप लांबते.

मी R शिखराच्या ०.२५ सेकंद आधीपासून ०.४० सेकंद नंतरपर्यंत घेतो. सेकंदाला ३६० सॅम्पल असताना हे ९० आणि १४४ होतात, एकूण २३४. मागे पाव सेकंद अशासाठी की विश्रांतीच्या गतीला P लहर साधारण तेवढ्यात बसते. पुढे जास्त जागा अशासाठी की T लहर QRS पेक्षा बरीच उशिरा येते. R अगदी मध्यभागी हवा असा नियम कुठेही नाही. मध्यभागी ठेवलात तर मागे गरजेपेक्षा जास्त जागा जाते आणि T लहरीचं शेपूट कापलं जातं.

गती वाढली की ही सोय बिघडते. मिनिटाला १२० ठोके असतील तर दोन R मधलं अंतर १८० सॅम्पल, आणि आपली विंडो २३४ ची. मग विंडोच्या सुरुवातीला आधीच्या ठोक्याची T लहर येते आणि शेवटी पुढच्याची P. रेकॉर्ड १०० मध्ये सामान्य अंतर २८४ ते २९४ च्या आसपास असल्याने हे सहसा दिसत नाही. १८०९ आणि २०४४ या जोडीत मात्र अंतर फक्त २३५ आहे. १८०९ ची विंडो १९५२ व्या सॅम्पलवर संपते आणि २०४४ ची १९५४ वर सुरू होते. म्हणजे या दोन विंडो एकमेकींवर चढता चढता राहिल्या आहेत. तुमच्या डेटातलं सगळ्यात लहान अंतर काढून ते विंडोच्या लांबीशी ताडून बघा. चढलेल्या विंडो सरसकट टाकून द्यायची गरज नाही, पण त्या कोणत्या हे नोंदलेलं असावं.

## कापण्याचं कोड किती मोठं असतं?

लहान असतं. आधी वाचणं आणि ठोके निवडणं:

```python
import numpy as np
import wfdb

rec = wfdb.rdrecord('100', pn_dir='mitdb')
ann = wfdb.rdann('100', 'atr', pn_dir='mitdb')
x = rec.p_signal[:, rec.sig_name.index('MLII')]

sym = np.array(ann.symbol)
beat = np.isin(sym, list('NLRBAaJSVrFejnE/fQ?'))
r, s = ann.sample[beat], sym[beat]
```

आणि मग कापणं:

```python
pre, post = round(0.25 * rec.fs), round(0.40 * rec.fs)
rr = np.diff(r, prepend=np.nan) / rec.fs

fit = (r - pre >= 0) & (r + post <= len(x))
idx = r[fit][:, None] + np.arange(-pre, post)
W = x[idx]
```

`W.shape` छापून बघा. `(2271, 234)` यायला हवं. चॅनेल क्रमांकाने न घेता नावाने घेतलं आहे, त्याचं कारण पुढे येईल.

## ठोके २२७३ होते, मग विंडो २२७१ कशा?

पहिला आणि शेवटचा ठोका गाळला गेला, आणि गाळलाच जायला हवा होता. पहिला ७७ वर आहे. त्याच्या आधी ९० सॅम्पल नाहीतच, तिथून उणे १३ येतं. शेवटचा ठोका ६,४९,९९१ वर आहे. त्याच्यापुढे १४४ सॅम्पल हवेत तर ६,५०,१३५ पर्यंत जावं लागेल, आणि सिग्नल ६,५०,००० वर संपतो.

`fit` ची ओळ वगळून साध्या लूपमध्ये `x[k-90:k+144]` लिहिलं, तर पायथन तक्रार करत नाही. पहिल्या ठोक्यासाठी `x[-13:221]` होतं. उणे आकडा शेवटून मोजला जातो, म्हणून हा तुकडा रिकामा येतो. शेवटच्या ठोक्यासाठी फक्त ९९ सॅम्पलचा तुकडा येतो. दोन्ही वेळा एरर नाही. लूप असेल तर प्रत्येक तुकड्याची लांबी मोजूनच यादीत घाला.

बरेच जण अपुऱ्या तुकड्यात शून्य भरून लांबी पुरी करतात. अर्ध्या तासात दोन हजारांवर ठोके असताना दोन सोडले तर काही बिघडत नाही, म्हणून मी सोडून देतो. मात्र घटना मोजक्याच असतील आणि त्यातली एखादी अगदी काठावर असेल, तर तुकडा ठेवा आणि रिकामी जागा `NaN` ने भरा. शून्य मिलिव्होल्ट हे खरं मोजमापही असू शकतं. एकदा मिसळलं की भरलेलं कोणतं आणि मोजलेलं कोणतं हे नंतर सांगता येत नाही.

## आधी फिल्टर की आधी कापणं?

आधी फिल्टर, तोही पूर्ण सिग्नलवर.

श्वासामुळे आणि हालचालीमुळे ईसीजीची आधाररेषा हळूहळू वरखाली होते. ती सरळ करायला सहसा ०.५ हर्ट्झखालचा भाग काढून टाकतात. ०.५ हर्ट्झच्या एका आवर्तनाला दोन सेकंद लागतात आणि आपली विंडो ०.६५ सेकंदांची आहे. एवढ्याशा तुकड्यात एक आवर्तनही मावत नाही, मग फिल्टर त्याला ओळखणार कसा? वर, फिल्टरचा परिणाम प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना बिघडलेला असतो. तुकडे २२७१ असतील तर बिघडलेली टोकं साडेचार हजार. पूर्ण सिग्नलवर फिल्टर लावला तर अशी टोकं दोनच राहतात.

दुसरी गोष्ट विलंबाची. `lfilter` सारखा एकाच दिशेने जाणारा फिल्टर सिग्नलला वेळेत पुढे ढकलतो. खुणा मात्र मूळ सिग्नलच्या वेळेवर राहतात. मग प्रत्येक विंडोत R आपल्या जागेवरून सरकलेला दिसतो, आणि तोही सगळीकडे सारखाच, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही. `scipy.signal.sosfiltfilt` दोन्ही दिशांनी फिल्टर करतो आणि विलंब शून्यावर आणतो. साठवलेल्या रेकॉर्डिंगवर तोच वापरा.

विजेच्या लाइनचा आवाज काढायचा असेल तर वारंवारता रेकॉर्डिंग झालेल्या देशाची घ्यायची. हा डेटाबेस अमेरिकेतला आहे, तिथे ६० हर्ट्झ. भारतात केलेल्या रेकॉर्डिंगसाठी ५० हर्ट्झ. आपल्याकडच्या डेटासाठी लिहिलेलं कोड तसंच्या तसं या डेटाबेसवर चालवलं की ६० हर्ट्झचा आवाज जागच्या जागी राहतो.

## प्रत्येक विंडोची सरासरी शून्य आणि पसारा एक करून घ्यावा का?

आकाराची तुलना करायची असेल तर चालेल. पण जवनिकेतून आलेला ठोका बहुधा रुंद असतो आणि अनेकदा उंचीलाही वेगळा असतो. प्रत्येक विंडो स्वतःच्या पसाऱ्याने भागलीत तर उंचीतला हा फरक पुसला जातो. मी पूर्ण रेकॉर्डसाठी एकच मोजपट्टी वापरतो, म्हणजे त्या माणसाच्या ठोक्यांमधले आपसातले फरक शाबूत राहतात.

## R शिखर विंडोत ९० व्या जागी का येत नाही?

खूण आणि शिखर यांत काही सॅम्पलचा फरक असू शकतो. शिवाय दोन चॅनेलमध्ये शिखर एकाच क्षणी येईल असंही नाही. किती फरक आहे ते मोजून बघा. प्रत्येक विंडोत खुणेच्या मागेपुढे ५० मिलिसेकंद, म्हणजे १८ सॅम्पल, एवढ्या पट्ट्यात सर्वोच्च बिंदू शोधा आणि तो ९० पासून किती दूर आहे याचा आलेख काढा.

आलेखात एकच उंच टोक शून्यापाशी दिसलं तर सगळं ठीक. ते टोक सगळंच्या सगळं एका बाजूला सरकलेलं असेल तर फिल्टरच्या विलंबाचा संशय घ्या. आलेख पसरलेला असेल तर खुणा कमी-जास्त बसल्या आहेत. हे दुसऱ्या मार्गानेही दिसतं: सगळ्या `N` विंडोंची सरासरी काढली की R चं टोक बोथट होतं, कारण थोडे इकडे-तिकडे सरकलेले ठोके एकमेकांना चापट करतात. सरासरीतून QRS ची उंची किंवा रुंदी मोजणार असाल तर हे मोजमाप थेट चुकतं.

खुणा शिखरावर सरकवायच्या असतील तर सरकवा, पण मूळ सॅम्पल क्रमांक वेगळा जपून ठेवा. आणि `V` ठोक्यांवर हे आंधळेपणाने करू नका. त्यांचा QRS अनेकदा उलटा, खाली जाणारा असतो. तिथे 'सर्वोच्च बिंदू' शोधला तर हाती भलतंच काही लागतं.

## `A` ची विंडो `N` सारखीच दिसते. खूण चुकली आहे का?

खूण बरोबर आहे. मला या सगळ्या विषयात हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो.

२०४४ चा ठोका कर्णिकेत वेळेआधी सुरू झाला, पण तिथून खाली जवनिकांपर्यंत तो नेहमीच्याच वाटेने गेला. म्हणून त्याचा QRS सामान्य ठोक्यासारखाच आहे. P लहर थोडी वेगळी असते, पण ती लहान असते आणि आवाजात हरवते. या ठोक्याचं वेगळेपण त्याच्या वेळेत आहे. आधीच्या ठोक्यांमधलं अंतर २९४ सॅम्पल होतं, म्हणजे ०.८२ सेकंद. हा मात्र २३५ सॅम्पलवरच आला, ०.६५ सेकंदांत. त्यानंतरचा ठोका ३५८ सॅम्पलनी, जवळजवळ एका सेकंदाने, आला.

यातलं काहीही २३४ सॅम्पलच्या विंडोत दिसत नाही. कापताना आपण तेच फेकून दिलेलं असतं. म्हणून प्रत्येक विंडोसोबत रेकॉर्डचा क्रमांक, मूळ सॅम्पल क्रमांक, चिन्ह, आधीच्या ठोक्यापर्यंतचं अंतर आणि पुढच्या ठोक्यापर्यंतचं अंतर एवढं साठवाच. एवढं नसेल तर ती विंडो अर्धवट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंतर कधी काढायचं हेही महत्त्वाचं आहे. वरच्या कोडमध्ये `rr` ही ओळ `fit` च्या आधी आहे, ते मुद्दाम. ठोके नसलेल्या खुणा गाळल्यानंतर, पण कोणताही ठोका गाळण्याआधी अंतर काढायचं. समजा तुम्ही फक्त `N` ठेवून मग अंतर काढलंत. आता १८०९ नंतर थेट २४०२ येतो, अंतर ५९३ सॅम्पल, १.६५ सेकंद. हृदय दीड सेकंदाहून जास्त थांबलं होतं असं दिसेल. प्रत्यक्षात मध्ये एक ठोका पडलेला होता.

## सगळ्या रेकॉर्डमध्ये पहिला चॅनेल एकच असतो ना?

नसतो. बहुतेक रेकॉर्डमध्ये पहिला `MLII` आहे. रेकॉर्ड ११४ मध्ये क्रम उलटा आहे: आधी `V5`, मग `MLII`. १०२ आणि १०४ मध्ये तर `MLII` नाहीच. `p_signal[:, 0]` लिहून सगळी रेकॉर्ड एकत्र केली तर वेगळ्या जागेवरून घेतलेले ठोके एकाच ढिगात पडतात आणि कोड कुठेही अडत नाही. `sig_name.index('MLII')` लिहिलं तर १०२ वर एरर येते, आणि ती यायलाच हवी. मग ते रेकॉर्ड वगळायचं की दुसरा चॅनेल घ्यायचा हे तुम्ही समजून ठरवता.

## रेकॉर्डिंगचा मधलाच भाग वाचला आणि सगळ्या विंडो भलत्याच जागी आल्या. काय झालं?

`rdrecord` ला `sampfrom=100000` दिलं की मिळालेला सिग्नल शून्यापासून मोजला जातो. `rdann` ला तेच दिलं तर फक्त पुढच्या खुणा मिळतात, पण त्यांचे क्रमांक मूळ रेकॉर्डचेच राहतात. `shift_samps=True` द्या, किंवा खुणांमधून एक लाख स्वतः वजा करा.

सॅम्पलिंग बदललं तरी हाच घोळ होतो. ३६० वरून २५० वर आणलेल्या सिग्नलमध्ये ३७० वी खूण २५७ व्या जागी जाते. खुणांचा गुणाकार विसरलात तर सुरुवातीचे काही ठोके थोडेच सरकलेले दिसतात आणि शेवटाकडे सगळंच हुकतं. म्हणून तपासताना पहिल्या चार विंडो बघून थांबू नका. सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या विंडो एकावर एक काढून बघा.

## वर्गीकरण शिकवायचं आहे. विंडो पत्त्यांसारख्या पिसून ऐंशी-वीस वाटून घेतल्या तर?

मग निकाल फार सुंदर येईल आणि त्याच्यावर विसंबता येणार नाही. एका माणसाचे लागोपाठचे ठोके एकमेकांशी इतके जुळतात की त्यातले काही शिकण्यात आणि काही चाचणीत गेले, तर चाचणी त्याच माणसावर होते. नव्या रुग्णावर काय होईल हे त्यातून कळत नाही.

वाटणी माणसावर करा. या डेटाबेसवर २००४ पासून प्रचलित झालेली एक वाटणी आहे: पेसमेकर असलेली चार रेकॉर्ड (१०२, १०४, १०७, २१७) सोडून उरलेल्या ४४ पैकी २२ शिकायला आणि २२ चाचणीला. स्वतः वाटणी करणार असाल तर लक्षात ठेवा की २०१ आणि २०२ ही एकाच माणसाची रेकॉर्ड आहेत. ४८ रेकॉर्ड आणि ४७ माणसं हा हिशेब तिथूनच येतो.

## आमच्याकडे R च्या खुणा नाहीत, रुग्णाने होल्टरचं बटण दाबल्याच्या वेळा आहेत. हीच पद्धत चालेल?

कापायची पद्धत तीच, विंडोचा आकार मात्र पूर्ण बदलतो. माणसाला धडधड जाणवते, मग तो बटण शोधतो, मग दाबतो. घटना खुणेच्या आधी घडून गेलेली असते, आणि किती आधी हे दर वेळी वेगळं असतं. इथे विंडो सेकंदाच्या तुकड्यांत मोजून चालणार नाही. मागे मिनिटभर किंवा जास्त, पुढे त्याहून कमी, अशी लांब विंडो घ्या आणि तिच्यात ठोके वेगळे शोधा.

बटणाची वेळ दुसऱ्याच उपकरणातून, उदाहरणार्थ फोनवरून, येत असेल तर घड्याळं तपासा. दोन घड्याळांमध्ये दहा लाखांत वीस भाग एवढा किरकोळ फरक असला तरी चोवीस तासांत तो सुमारे १.७ सेकंद होतो. म्हणजे सकाळी जुळवलेल्या खुणा दुसऱ्या दिवशी सकाळी दोन ठोक्यांनी हुकतात. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा, दोन्ही उपकरणांवर एकच खूण करून घ्या, उदाहरणार्थ फोनवर नोंद करतानाच इलेक्ट्रोडवर तीनदा टिचकी मारणं. या दोन बिंदूंवरून मधल्या प्रत्येक खुणेची दुरुस्ती करता येते. फक्त सुरुवातीची खूण असेल तर घड्याळ किती वेगाने सरकतंय ते कळायला मार्ग नसतो, आणि मग मागेपुढे निदान दोन-दोन सेकंद जास्तीचे घेऊनच कापावं लागतं.